पीबेरी: एकटा दाणा आणि गोडीचा दावा

पीबेरीच्या पाकिटावर बहुतेक वेळा एक छोटी गोष्ट छापलेली असते. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया असतात, पण काही फळांत एकच बी वाढते. दोघींच्या वाट्याचे पोषण त्या एकटीला मिळते, म्हणून ती अधिक गोड, अधिक तजेलदार लागते. गोष्ट सुटसुटीत आहे आणि ऐकताक्षणी पटते. मला पीबेरी मनापासून आवडते, आणि म्हणूनच या गोष्टीतले काय खरे आणि काय नुसते गोड बोलणे आहे, हे नीट तपासावेसे वाटते. आवडत्या गोष्टीबद्दल चुकीचे कारण सांगितले जात असेल तर ते मला बोचते, कारण खरे कारण जास्त रंजक आहे.

सुरुवात फळापासून करू. कॉफीच्या फुलाच्या अंडाशयात दोन कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यात एकच बीजांड. फूल पांढरे, सुवासिक, आणि दोन-तीन दिवसांत कोमेजणारे. तेवढ्या अवधीत दोन्ही बीजांडांचे फलन झाले आणि दोन्ही टिकली, तर फळात दोन बिया समोरासमोर वाढतात. दोन तळवे एकमेकांना टेकवावेत तशा त्या एकमेकींना भिडून असतात, म्हणून प्रत्येकीची एक बाजू सपाट होते. आपण ज्याला कॉफीचा नेहमीचा दाणा म्हणून ओळखतो, त्याचा सपाट चेहरा म्हणजे शेजारणीच्या रेट्याची खूण.

पीबेरीच्या फळात यातले एक बीजांड मागे राहते. कधी त्याचे फलनच होत नाही, कधी फलन होऊन ते सुरुवातीलाच वाळून जाते. उरलेल्या बीला समोरून दाब नसतो. ती मोकळ्या जागेत पसरते आणि दोन्ही बाजूंनी फुगीर, लांबट गोल होते. मधली चीर मात्र तिलाही असते. ताजे फळ दोन बोटांत दाबून फोडले तर गोल बीच्या एका अंगाला त्या मागे राहिलेल्या बीजांडाचा पातळ, सुकलेला पापुद्रा चिकटलेला दिसतो. खऱ्या पीबेरीची याहून पक्की खूण नाही. भाजलेल्या कॉफीत हा पापुद्रा अर्थातच सापडणार नाही. तिथे दाणा टेबलावर ठेवून हलकेच ढकलायचा. सपाट दाणा पोटावर बसून राहतो, पीबेरी घरंगळते.

एक बीजांड मागे का राहते, याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत पाऊस पडला, परागकण वाहून गेले किंवा भिजून निकामी झाले, तर असे घडते. कोरड पडली, झाड ताणाखाली असले, तरी घडते. काही झाडांत ते आनुवंशिकच असते. गुणसूत्रांची जुळणी बिघडलेल्या संकरित झाडांवर एकबीजी फळांचे प्रमाण चांगलेच वाढलेले दिसते. अरेबिका बहुतांशी स्वतःच्याच परागांवर फळते. रोबस्टाला मात्र दुसऱ्या झाडाचे पराग लागतात, त्यामुळे तिच्या फुलोऱ्यावर हवामानाचा आणि शेजारच्या झाडांचा परिणाम अधिक होतो.

नवे वाण तयार करणाऱ्यांच्या नजरेतून पीबेरी म्हणजे चक्क उणीव आहे. ते झाडाची नोंद करताना एकबीजी फळांचे प्रमाण मोजतात आणि ते जास्त असेल तर झाड मागे टाकतात. कारण उघड आहे. फळ तोडायला मजुरी तेवढीच, गर तेवढाच, पण हाती येणारी बी कमी. पिणाऱ्याला जे दुर्मीळ रत्न वाटते, ते झाडाच्या हिशेबात अर्धवट राहिलेले काम असते. हे समजल्यावर पीबेरी माझ्या नजरेतून उतरली नाही. फक्त ती निसर्गाची खास भेट आहे असे मानणे मी सोडून दिले.

तिच्या दुर्मीळतेबद्दल जाता जाता एवढेच. पीबेरीचे प्रमाण साधारण पाच ते दहा टक्के सांगितले जाते, पण ते फळांचे की दाण्यांचे, हे क्वचितच स्पष्ट केले जाते. शंभर फळांतली दहा एकबीजी असली, तर उरलेल्या नव्वद फळांतून 180 सपाट दाणे येतात आणि पीबेरी दहाच. म्हणजे 190 दाण्यांत दहा, जेमतेम सव्वापाच टक्के. फळांचा दहा टक्के आकडा दाण्यांत आला की जवळपास निम्मा होतो.

आता मूळ दाव्याकडे, दोघींचे पोषण एकीला मिळण्याकडे. हे खरे असते तर त्याचा सर्वांत सोपा पुरावा तराजूवर दिसला असता. एकाच बागेच्या, एकाच तोडणीच्या कच्च्या मालातले शंभर सपाट दाणे मोजून घ्या आणि शंभर पीबेरी मोजून घ्या. अरेबिकाचे शंभर कच्चे दाणे ढोबळमानाने 12 ते 18 ग्रॅम भरतात. दुप्पट पोषण मिळाले असेल तर पीबेरीचा ढीग दुपटीच्या आसपास जायला हवा. तो जात नाही. शेजारच्या सपाट दाण्यांइतका किंवा त्याहून थोडासा जड भरतो, इतकेच. मागे राहिलेल्या बीजांडाचा वाटा या बीकडे आलाच नाही.

मग तो गेला कुठे? बहुधा कुठेच गेला नाही, कारण असा वाटा फळात आधीपासून काढून ठेवलेला नसतोच. फळ पिकायला अरेबिकात सात ते नऊ महिने लागतात आणि त्या काळात पानांत तयार झालेली साखर फांदीतून फळाकडे वाहत राहते. जेवढी वाढणारी बी, तेवढी मागणी. ज्या फळात एकच बी वाढते आहे, ते फळ मुळातच कमी ओढते. चढाओढ खरी चालते ती फांदीवरच्या अनेक फळांमध्ये. झाडावरची फळे विरळ केली, पानांच्या मानाने फळे कमी ठेवली, तर दाणे मोठे होतात आणि कपातली गुणवत्ताही सुधारते. सावलीतल्या, सावकाश पिकणाऱ्या झाडांवरही असेच दिसते. म्हणजे पोषणाची वाटणी चवीवर परिणाम करते हे खरे आहे, पण ती वाटणी फांदीच्या पातळीवर होते. एका फळातल्या दोन कप्प्यांच्या पातळीवर ती शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. लगडलेल्या फांदीवरची पीबेरी आणि मोजकी फळे धरलेल्या फांदीवरचा सपाट दाणा यांतून एक निवडायला सांगितले, तर मी डोळे मिटून सपाट दाणा घेईन.

समजा, हे सगळे बाजूला ठेवले आणि मान्य केले की पीबेरीत साखर जास्त असते. तरी त्यामुळे कप गोड लागेल का? कच्च्या अरेबिकात कोरड्या वजनाच्या साधारण सहा ते नऊ टक्के सुक्रोज असते. भाजताना ती जवळजवळ सगळी मोडते. तिच्यातून रंग तयार होतो, खरपूस गंध तयार होतात, शिवाय फॉर्मिक आणि ॲसेटिक यांसारखी आम्लेही तयार होतात. हलक्या भाजणीतही उरते ती अगदी थोडी. उदाहरणासाठी उदार होऊन धरू की भाजलेल्या कॉफीत एक टक्का सुक्रोज शिल्लक आहे. पंधरा ग्रॅम कॉफीत ती 0.15 ग्रॅम झाली. सगळीच्या सगळी 250 मिलिलिटर पाण्यात उतरली, तरी प्रमाण 0.06 टक्के. नुसत्या पाण्यातही साखरेची गोडी जिभेला नीट ओळखू यायला अर्ध्या टक्क्याच्या आसपास साखर लागते. कॉफीत तर कडवटपणा आणि आंबटपणाही असतात. म्हणजे पीबेरीत साखर दुप्पट धरली, तरी ती जिभेच्या मर्यादेच्या खूप खालीच राहते.

आणि तरीही कॉफी गोड लागते. मलाही लागते, स्पष्टपणे. ती गोडी साखरेची नसून गंधाची आहे. जळक्या साखरेची, पिकल्या फळांची आठवण करून देणारे सुवास नाकातून येतात आणि मेंदू त्यांना गोड ठरवतो. कडवटपणा आणि तुरटपणा कमी असला की तो कौल आणखी पक्का होतो. एक कच्चा, न पिकलेला दाणाही कपात तुरटपणा आणू शकतो आणि गोडीची ही जाणीव तिथेच पुसली जाते. थोडक्यात, कपातली गोडी दोन गोष्टींवर अवलंबून असते: भाजणी किती नेमकी झाली आणि खराब दाणे किती कमी आहेत. पीबेरीचे खरे वेगळेपण मला याच दोन ठिकाणी सापडते.

आधी निवड. पीबेरी शेतातून वेगळी येत नाही. फळे एकत्र तोडली जातात, एकत्र सोलली आणि वाळवली जातात. वेगळेपण येते ते टरफल काढल्यानंतर, प्रतवारीच्या यंत्रांवर. नेहमीच्या चाळणीला गोल भोके असतात. त्यांचा आकार इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात, म्हणजे 16 नंबरच्या चाळणीचे भोक सुमारे 6.35 मिलिमीटरचे. गोल भोकात दाण्याची रुंदी तपासली जाते. त्याने लहान-मोठे वेगळे होतात, पण सपाट आणि गोल वेगळे होत नाहीत. त्यासाठी लांबट फटींची चाळणी लागते. सपाट दाणा आडव्या कुशीवर होऊन फटीतून सरकून जातो, कारण त्याची जाडी कमी असते. पीबेरी कुठूनही फिरवली तरी जाडच, ती वरच राहते. काही ठिकाणी तिरक्या, वर सरकणाऱ्या पट्ट्यावर दाणे सोडतात. सपाट दाणे पट्ट्याबरोबर वर जातात आणि गोल दाणे घरंगळत खाली येतात.

या प्रवासाचा एक परिणाम सहसा कुणी सांगत नाही. पीबेरीच्या ढिगातला प्रत्येक दाणा एका जादा परीक्षेतून गेलेला असतो. फुटलेले तुकडे, शंखासारखे पोकळ दाणे, चपटे आणि अर्धवट भरलेले दाणे फटीतून खाली पडून जातात. उरतात ते भरीव, एकसारख्या आकाराचे दाणे. हा ढीग त्याच मालाच्या न निवडलेल्या ढिगाशेजारी ठेवून प्यायला, तर पीबेरी स्वच्छ आणि गोड लागणारच. पण सपाट दाण्यांचीही तितकीच कडक निवड केली, तर हे अंतर बरेचसे बुजते. पीबेरीचे म्हणून जे कौतुक होते, त्यातला मोठा हिस्सा चाळणीचा आहे असे माझे ठाम मत आहे. चाळणीने एक धोकाही येतो. लहान, जाडसर, आखडलेला सपाट दाणाही कधीकधी फटीवर अडकतो. चांगल्या पीबेरीची मूठ हातात घेतली की त्यात असे चपट्या पोटाचे उपरे किती आहेत, हे पाहण्यासारखे असते. मुठीत चार-पाच दिसले तर प्रतवारी ढिली झाली आहे.

आता भाजणी. इथे पीबेरीचा आकार खरोखर काम करतो, आणि मला सर्वांत जास्त ओढ याच भागाची आहे.

गोल दाणा फिरत्या ढोलात घरंगळतो. सपाट दाणा घसरतो, मध्येच पोटावर टेकतो, आणि तापलेल्या धातूवर त्याचा सपाट चेहरा क्षणभर जास्त रेंगाळला तर तिथे काळसर डाग पडतो. सुरुवातीला ढोल फार तापलेला असला, तर असे डाग लक्षात येण्याइतके दिसतात आणि कपात धुरकट कडवटपणा उतरतो. पीबेरीचा धातूला स्पर्श होतो तो एका बिंदूपाशी आणि तो बिंदू सतत बदलत राहतो. म्हणून तिच्यावर सपाट पोटाचा तो डाग पडत नाही. टोके मात्र तिचीही जळू शकतात. तेवढ्या बाबतीत पीबेरी एकसारखी भाजली जाते, हे म्हणणे मला मान्य आहे.

पण याच आकाराची दुसरी बाजू आहे. भूमितीचा साधा हिशेब करून पाहू. एकाच आकारमानाचा एक पूर्ण गोल आणि एक अर्धगोल घेतला, तर पूर्ण गोलाचे पृष्ठफळ सुमारे 16 टक्क्यांनी कमी भरते. खरे दाणे इतके आदर्श नसतात, लांबट असतात, त्यांना चीर असते, तरी दिशा हीच राहते. गरम हवेतून उष्णता पृष्ठभागामार्गेच आत जाते. तेव्हा तितक्याच वजनाच्या गोल दाण्याला उष्णता घ्यायला जागा कमी मिळते. त्यातून पीबेरी बरेचदा घट्ट असते. परिणाम असा की सपाट दाण्यांसाठी बसवलेली भाजणी जशीच्या तशी पीबेरीला लावली, म्हणजे तेच तापमान, तोच वेळ ठेवला, तर तिचा गाभा थोडा मागे राहू शकतो. बाहेरून रंग जवळपास तोच आणि आतून एक पायरी हलकी.

हलक्या भाजणीचा कप कसा लागतो, हे कॉफी पिणाऱ्यांना ठाऊक आहे. सायट्रिक आणि मॅलिक आम्ले भाजणी वाढत जाते तशी मोडत जातात. भाजणी हलकी ठेवली की ती जास्त उरतात आणि जिभेवर फळासारखा टवटवीत आंबटपणा येतो. म्हणजे पीबेरी अधिक तजेलदार का लागते, याचे एक अगदी साधे उत्तर आपल्यासमोर आहे: ती अनेकदा थोडी हलकी भाजलेली असते. गुण बीचा आहे असे वाटते, पण तो वेळापत्रकाचा असतो. उलटही घडते. पीबेरी मोठ्या सपाट दाण्यांच्या मानाने लहान असते. भाजणाऱ्याने घाबरून उष्णता वाढवली, तर ती पटकन पुढे जाऊन बोथट, कडवट होते. अशी पीबेरीही मी प्यायलो आहे आणि तिच्यात तजेल्याचा मागमूस नव्हता.

हे घरी ओळखायचे दोन सोपे उपाय आहेत. पहिला वजनाचा. समजा, एकाच मालाचे शंभर ग्रॅम सपाट दाणे भाजून 86 ग्रॅम उरले, म्हणजे घट 14 टक्के. त्याच रीतीने भाजलेली पीबेरी 87.5 ग्रॅम उरली, तर तिची घट साडेबाराच टक्के. दोन्हीत सुरुवातीचा ओलावा सारखा असेल, तर पीबेरी हलकी राहिली असे बिनधास्त समजावे. या दोन कॉफींची तुलना म्हणजे दोन भाजण्यांची तुलना झाली, दोन बियांची नव्हे. दुसरा उपाय रंगाचा, पण अख्ख्या दाण्यांचा रंग फसवतो. दोन्ही दळून पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी पसरायचे आणि बोटाने सपाट करायचे. गाभा हलका राहिला असेल तर पीबेरीची पूड उजळ दिसते. माझा भर या दुसऱ्या उपायावर आहे, कारण त्याला वजनाचा काटासुद्धा लागत नाही.

आता चवीची खरी परीक्षा कशी घ्यावी, ते एका उदाहरणाने सांगतो. केनियाचा माल यासाठी फार सोयीचा आहे. तिथे एकाच धुलाई केंद्रातून आलेला माल गिरणीत प्रतवार वेगळा होतो: मोठे दाणे एए, त्याखालचे एबी आणि गोल दाणे पीबी. प्रत्येक मालाला एक आउटटर्न क्रमांक दिलेला असतो. हा क्रमांक तोच असलेली एबी आणि पीबी मिळवली, तर बाग, हवामान, तोडणी, आंबवण, वाळवण, सगळे सारखे. बदलला तो फक्त दाण्याचा आकार. टांझानियाची पीबेरी आणि हवाईतल्या कोनाची पीबेरी जगभर प्रसिद्ध आहेत. पण टांझानियाची पीबेरी दुसऱ्याच देशाच्या सपाट दाण्याशेजारी ठेवून ‘पीबेरी वेगळी लागते’ म्हणण्याने काहीच सिद्ध होत नाही. वेगळी लागणारच, ती दुसऱ्या मातीतली आहे.

दोन्ही कच्चे माल मिळाले की प्रत्येकाला त्याची त्याची भाजणी द्यायची. वेळ सारखी नको, शेवट सारखा हवा. वजनाची घट आणि दळलेल्या पुडीचा रंग दोन्हीत जुळेपर्यंत पीबेरीची उष्णता थोडीथोडी बदलत जायची. हे कंटाळवाणे काम आहे आणि बहुतेक तुलना इथेच फसतात. भाजणी जुळल्यावर दोन्ही दोन-चार दिवस विसावू द्यायच्या.

मग चव. प्रत्येक कपात 150 मिलिलिटर पाण्याला सव्वाआठ ग्रॅम कॉफी, पाणी सुमारे 93 अंश सेल्सिअस. माप चमच्याने घ्यायचे नाही, कारण गोल आणि सपाट दाणे चमच्यात सारखे बसत नाहीत. प्रत्येक कपासाठी वेगळे दळायचे, म्हणजे एखादा वाईट दाणा आलाच तर तो त्या कपापुरताच राहतो. पाणी ओतून चार मिनिटे थांबायचे, वर जमलेला थर चमच्याने मोडायचा, फेस काढून टाकायचा आणि कप थोडा निवला की प्यायचे. तो आणखी थंड झाल्यावर पुन्हा प्यायचे. आंबटपणा आणि गोडी दोन्ही कोमट कपात जास्त स्पष्ट कळतात.

मुख्य गोष्ट अशी की कोणता कप कशाचा आहे, हे पिणाऱ्याला कळता कामा नये. दुसऱ्या कुणीतरी तीन कप मांडायचे, दोन एकाच कॉफीचे आणि तिसरा दुसऱ्या कॉफीचा. पिणाऱ्याने फक्त वेगळा कप ओळखायचा. कोणता गोड, कोणता तजेलदार, हे प्रश्न त्या वेळी विचारायचेच नाहीत. नुसत्या अंदाजाने तीनांत एकदा उत्तर बरोबर येते. म्हणून एकदोनदा बरोबर आले तर त्यावर विसंबू नये. अशा बारा फेऱ्या केल्या आणि किमान आठ वेळा वेगळा कप अचूक सापडला, तर फरक खरा मानायला हरकत नाही. नुसत्या नशिबाने बारांत आठ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात दोनहूनही कमी असते. बारांत सहा आले, तर ‘मला कळत होते’ हे समाधान मनात ठेवावे, पण दावा करू नये. फरक आहे हे ठरल्यावर मगच दुसरा प्रश्न घ्यायचा: यातली गोड कोणती? तोही कपाची ओळख झाकूनच.

अशी परीक्षा मी मित्रमंडळींबरोबर घेतो तेव्हा एक गोष्ट ठळकपणे दिसते. भाजणी जुळवलेली नसेल तर वेगळा कप सहज सापडतो आणि बहुधा पीबेरीलाच तजेलदार म्हटले जाते. भाजणी जुळवली की चेहऱ्यांवरचा आत्मविश्वास कमी होतो, कप पुन्हा पुन्हा उचलले जातात, आणि उत्तरे विखुरतात. कधी पीबेरी गोड ठरते, कधी सपाट दाणा. माझ्या लेखी यातून ‘फरक शून्य’ असे ठरत नाही. एखाद्या मालात फरक असेलही. पण तो पाकिटावर लिहिण्याइतका ठरलेला, दर वेळी एकाच दिशेने जाणारा नाही. बागेची उंची, वाण, फळ किती पिकल्यावर तोडले, कशी वाळवली, यातल्या कोणत्याही एका गोष्टीचा परिणाम आकाराच्या परिणामाला सहज गिळून टाकतो.

मग पीबेरी घ्यावी का? मी घेतो. एकसारख्या दाण्यांचा ढीग भाजायला सोपा जातो, हे मोठे सुख आहे. ढोलात ते गोल दाणे एका लयीत फिरतात, तडतडायला जवळपास एकाच वेळी लागतात, भाजून झाल्यावर निवडून फेकण्यासारखे दाणे फार थोडे निघतात. घरी भाजणाऱ्याला याची किंमत कळेल. तयार भाजलेली पीबेरी घेणाऱ्याने विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत. ही कोणत्या बागेची, आणि त्याच बागेचे सपाट दाणे तुमच्याकडे आहेत का? दुसऱ्या प्रश्नाला ‘हो’ असे उत्तर आले, तर दोन्हींची छोटी पाकिटे घ्यावीत, दोन्ही दळून कागदावर रंग पाहावा आणि मगच प्यावे. पूड एकाच रंगाची असेल तर मिळणारी चव बीची आहे. पीबेरीची पूड उजळ असेल आणि तिचा टवटवीत आंबटपणा आवडत असेल, तर पुढच्या खेपेला त्याच बागेचे सपाट दाणे थोडे हलके भाजून मागावेत. बहुतेक वेळा तोच तजेला तिथेही सापडतो.